३३ केव्ही यार्डवरची शील्ड वायर: लहान गोळा फिरवून बघा, मगच ड्रॉइंगवर सही करा

वरुड भागातल्या एका ३३/११ केव्ही सबस्टेशनमध्ये मृगाच्या तोंडावर ट्रान्सफॉर्मरवर वीज पडली. आर फेजचं ३३ केव्ही बुशिंग तडकलं. आजूबाजूच्या संत्र्याच्या बागांचे पंप दोन दिवस बंद राहिले. मी पोचलो तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की लाइनवरून सर्ज आली. रात्रपाळीचे लाइनमन मात्र ठाम होते. "म्या सोता पाह्यलं साहेब, उजेड वरतून पडला, लाइनीकून नाही आला."

परमिट घेऊन, लाइन अर्थ करून जंपर खाली उतरवला. बुशिंगच्या टोकापासून साधारण हातभर अंतरावर, तारेच्या वरच्या बाजूच्या तीन-चार पदरांवर मुगाच्या दाण्याएवढे खड्डे होते आणि त्यांच्या काठावर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे गोल मणी थिजले होते. खालची बाजू स्वच्छ होती. लाइनवरून येणारी सर्ज तारेतून वाहत येते, ती तारेच्या फक्त वरच्या अंगाला असे डाग पाडत नाही. लाइनमनचं खरं होतं. वीज थेट जंपरवर उतरली होती.

त्या यार्डवर शील्ड वायर होती, म्हणजे वीज स्वतःवर झेलायला उपकरणांच्या वरून ओढलेली, अर्थ केलेली तार. ड्रॉइंगही मंजूर होतं आणि त्यावर शील्ड वायरपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या रेषा व्यवस्थित काढलेल्या होत्या. त्या रेषांप्रमाणे ट्रान्सफॉर्मर सुरक्षित होता, मीटरभर जागा उरत होती. मग वीज आत शिरली कशी, हे त्याच यार्डची मापं घेऊन पायरी-पायरीने सांगतो. हीच पद्धत तुम्हाला तुमच्या यार्डवर वापरता येईल.

गोळा म्हणजे काय

ढगातून खाली येणारी वीज आधीपासून ठरवून कुठल्या खांबाकडे निघालेली नसते. तिचं टोक टप्प्याटप्प्याने, वेडंवाकडं खाली सरकतं. जमीन आणि जमिनीवरच्या वस्तू त्याच्या एका ठराविक अंतराच्या आत आल्या की मगच शेवटची उडी ठरते, आणि त्या अंतरात जी वस्तू पहिली सापडते तिच्यावर ती पडते. या अंतराला आपण उडीचं अंतर म्हणू. आता त्या टोकाभोवती तेवढ्याच त्रिज्येचा एक गोळा कल्पून बघा. टोक खाली सरकतं तसा गोळाही सरकतो, आणि गोळ्याचा पृष्ठभाग ज्याला पहिल्यांदा टेकेल तिथे वीज पडेल. टोक कुठूनही येऊ शकतं, म्हणून हा गोळा यार्डवरून सगळीकडे लोळवून बघायचा. तो शील्ड वायरवर, खांबाच्या शेंड्यावर, जमिनीवर टेकला तर चालेल. चालू तारेला किंवा उपकरणाला टेकला की तिथे भोक आहे. राल्फ ली यांनी ही फिरत्या गोळ्याची रीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस इमारती आणि कारखान्यांसाठी मांडली. पुढे ती सबस्टेशनसाठी वापरात आली, आणि आयईईई ९९८ या मार्गदर्शिकेत तिची गणितं सविस्तर दिलेली आहेत.

गोळा किती मोठा घ्यायचा हे विजेच्या करंटवर अवलंबून असतं. करंट जास्त, तर उडी लांब आणि गोळा मोठा. सूत्र असं आहे:

```
S = 8 * I^0.65
S: मीटर, I: किलोअँपिअर
```

३० किलोअँपिअरच्या दमदार विजेसाठी S येतो सुमारे ७३ मीटर. एवढा प्रचंड गोळा दोन शील्ड वायरांवर ठेवला तर तो मध्ये जेमतेम वीतभर-हातभर खाली झुकतो, खालच्या बसपर्यंत त्याचा हात पोचतच नाही. पण २ किलोअँपिअरच्या अशक्त विजेसाठी S फक्त १२.५ मीटर. हा लहान गोळा फटीत खोलवर उतरतो. म्हणजे शील्ड वायरला चुकवून आत शिरते ती मोठी वीज नव्हे, लहान वीज. नव्या इंजिनिअरांना हे सांगितलं की पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही, कारण आपलं सगळं लक्ष मोठ्या कडकडाटाकडे असतं.

पहिली पायरी: तुमच्या यार्डचा गोळा ठरवा

प्रश्न असा विचारायचा: शील्ड वायरला चुकवून किती करंटची वीज बसवर पडली तरी बसचे इन्सुलेटर ती सहन करतील? तेवढ्यापर्यंतची वीज आत आली तरी हरकत नाही, त्याहून मोठी अडवायची. बसवर वीज पडली की करंट दोन बाजूंना वाटला जातो, म्हणून हिशोब असा बसतो:

```
I = 2.2 * BIL / Z
```

BIL म्हणजे उपकरण किती आघात व्होल्टेज झेलू शकतं ते, किलोव्होल्टमध्ये. ३३ केव्हीसाठी ते १७० असतं. Z म्हणजे बसचा सर्ज इंपीडन्स. पँथर कंडक्टर, जमिनीपासून ६-७ मीटर उंचीवर असेल तर तो ४०० ओहमच्या आसपास येतो. आकडे घातले की I येतो ०.९ किलोअँपिअर, म्हणजे एकाहूनही कमी.

इथे थोडं थांबा. एवढ्या क्षीण विजा निसर्गात जवळजवळ नसतातच. आयईईई ९९८ मधल्या शक्यतेच्या सूत्राप्रमाणे ९९.८ टक्के विजा २ किलोअँपिअरच्या वर असतात. म्हणून गणितात त्याहून कमी उत्तर आलं तरी २ किलोअँपिअर हा तळ धरायचा. काही जण ३ धरतात, तेव्हा गोळा १६ मीटरचा होतो. माझं मत २ च्या बाजूने आहे. ग्रामीण सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा एकच असतो, तो गेला की मागे दुसरा नसतो. तर ३३ केव्हीसाठी गोळ्याची त्रिज्या १२.५ मीटर. ११ केव्हीचं BIL ७५ आहे, पण तळ तोच असल्यामुळे गोळाही तोच राहतो.

तुलनेसाठी, १३२ केव्हीला BIL ६५० धरून, बस ८ मीटरवर असेल तर I येतो ३.८ आणि गोळा सुमारे १९ मीटरचा. व्होल्टेज जितकं कमी तितका गोळा लहान, आणि गोळा जितका लहान तितकं यार्ड झाकणं अवघड. १३२/३३ केव्ही सबस्टेशनमध्ये १३२ च्या बाजूची शील्ड वायरची मांडणी तशीच ३३ च्या बाजूला उतरवणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. दोन्ही बाजूंना दोन वेगळे गोळे लागतात.

दुसरी पायरी: खऱ्या उंच्या मोजा

मंजूर ड्रॉइंगवरची उंची आणि उभारलेली उंची यांत नेहमी फरक सापडतो. यार्ड चालू असताना बांबू, शिडी, धातूचा टेप घेऊन कोणीही आत जायचं नाही. जमिनीवरून लेझर मीटरने मोजता येतं. मोजायच्या गोष्टी चारच: शील्ड वायर खांबाजवळ किती उंच, मधोमध झोळ पडून किती उंच, बस आणि जंपर किती उंच, आणि बुशिंगचं टोक किती उंच. सोबत आडवी अंतरं.

झोळ दुपारी मोजा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि तापलेली तार सैलावते. सकाळी सहाला घेतलेलं माप तुम्हाला खोटा दिलासा देईल. पुढच्या हिशोबात शील्ड वायरची उंची म्हणून मधला, सर्वांत खालचा आकडा वापरायचा. समजायला सोपं जावं म्हणून खालची उदाहरणं मी आधी खांबाजवळच्या उंचीने करतो आणि झोळ शेवटी वजा करतो.

त्या यार्डची मापं अशी होती. ३३ केव्हीच्या गँट्रीच्या दोन ओळी, एकमेकींपासून १२ मीटरवर. दोन्ही ओळींच्या शेंड्यांवरून शील्ड वायर, उंची १०.५ मीटर. बस ७.५ मीटरवर. दुसऱ्या ओळीपासून ५ मीटर पलीकडे ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्ही बुशिंग, टोक ४.५ मीटरवर. कन्झर्वेटर एका बाजूला होता, बुशिंगच्या पलीकडे नव्हता. ११ केव्ही केबलने थेट कंट्रोल रूममध्ये जातं, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे मोकळी जागा, कुंपण आणि मग बाग.

तिसरी पायरी: पुठ्ठ्याचा गोळा

आधी हाताने करा, मग सूत्राने. यार्डचा उभा छेद, म्हणजे बाजूने बघितल्यासारखं चित्र, १:१०० प्रमाणात काढा. शील्ड वायरांना आडवा छेद घ्या, म्हणजे तारा कागदावर ठिपक्यांसारख्या दिसतील. जाड पुठ्ठ्यातून १२.५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापा. घरातलं जेवणाचं स्टीलचं ताट साधारण तेवढंच असतं, आणि आम्ही पहिल्या दिवशी कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरच्या डब्यासोबतचं ताटच वापरलं होतं. शील्ड वायरच्या ठिपक्यांवर टाचण्या उभ्या खोचा आणि चकती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लोळवत न्या. टाचणीवर अडेल, दोन टाचण्यांच्या मध्ये झुकेल, शेवटच्या टाचणीवरून उतरून जमिनीला टेकेल. तिची कडा जिथून जिथून जाते तिथे पेन्सिल फिरवा. पेन्सिलच्या रेषेच्या खाली जे आहे ते झाकलेलं, आणि वर डोकावतं ते उघडं.

दोन गँट्रींच्या मध्ये चकती टाचण्यांवर बसली आणि बसच्या चांगली वरच राहिली. दुसऱ्या ओळीवरून पुढे लोळवली तसं मात्र जमिनीला टेकायच्या आधीच तिची कडा बुशिंगच्या टोकावर आणि जंपरच्या खालच्या भागावर जाऊन बसली. ज्या जागी मण्यासारखे डाग सापडले होते, बरोबर तिथे. सबस्टेशनचे जेई शेजारीच उभे होते, ते काही बोलले नाहीत. त्यांनी चकती मागे घेतली आणि पुन्हा दोनदा लोळवून बघितली.

चौथी पायरी: तेच सूत्राने

शेवटच्या शील्ड वायरच्या बाहेरच्या बाजूला, A उंचीवरची वस्तू वायरपासून किती अंतरापर्यंत झाकली जाते ते असं काढतात:

```
x = sqrt(2*S*H - H^2) - sqrt(2*S*A - A^2)
```

H ही शील्ड वायरची उंची. S १२.५, H १०.५, A ४.५ घातलं की पहिली संख्या १२.३४, दुसरी ९.६०, आणि x आला २.७ मीटर. ४५ अंशांची रेषा सांगत होती ६ मीटर. बुशिंग होतं ५ मीटरवर.

कोनाच्या रीतीचा दोष इथेच आहे. सरळ रेषा सगळ्या उंचीला आणि सगळ्या व्होल्टेजला तीच राहते. गोळ्याची कडा वाकडी असते, वरून झपकन आत येते आणि तिचा आकार गोळ्याच्या त्रिज्येवर ठरतो. ७.५ मीटरवरच्या बससाठी हेच सूत्र लावलं तर x फक्त ०.९ मीटर येतो, आणि ४५ अंश तिथे ३ मीटर देतात. कोनाची रेषा वापरायचीच असेल तर ती जागा शोधायच्या पहिल्या अंदाजापुरती, सहीसाठी नाही.

दोन शील्ड वायरांच्या मध्ये गोळा किती झुकतो त्याचं सूत्र वेगळं. D हे दोघींमधलं अंतर:

```
d = S - sqrt(S^2 - (D/2)^2)
```

D १२ असताना झोक १.५ मीटर, म्हणजे गोळ्याचा तळ ९ मीटरच्या जवळ. वायरचा झोळ ०.४ मीटर मोजला होता, तो वजा केला तरी तळ ८.६ वर राहतो आणि बस ७.५ वर आहे. ठीक. पण याच यार्डात दोन ओळी १८ मीटरवर असत्या तर झोक ३.८ मीटर झाला असता, तळ ६.७ वर आला असता आणि बस उघडी पडली असती. झोळ धरून या उंच्यांना १५ मीटरपर्यंतच अंतर चालतं. त्यापुढे मध्ये तिसरी वायर लागते.

पाचवी पायरी: टोकं विसरू नका

आडव्या छेदात सगळं झाकलेलं दिसलं की लोक ड्रॉइंग गुंडाळून ठेवतात. गोळा मात्र वायरच्या लांबीच्या दिशेनेही लोळतो आणि शेवटच्या खांबावरून खाली उतरतो. म्हणून एक छेद लांबीच्या दिशेनेही काढावाच लागतो.

त्या यार्डात रस्त्याच्या बाजूला पहिल्या ओळीची बस शेवटच्या खांबाच्या २.५ मीटर बाहेर काढून ठेवली होती, पुढे कधी तरी आणखी एक बे येईल म्हणून. शील्ड वायर खांबावरच संपत होती. वरच्याच हिशोबाने बसच्या उंचीला खांबाबाहेर ०.९ मीटरच झाकलं जातं. उरलेला दीड मीटरहून जास्त तुकडा चालू आणि उघडा, शिवाय त्यावर काहीच लोड नाही. नवा खांब उभा करण्यापेक्षा तो तुकडाच काढून टाकायला मी सांगितलं. बे येईल तेव्हा शील्ड वायरसह येईल.

सहावी पायरी: उपाय, आणि उंचीचा मोह

ट्रान्सफॉर्मर झाकायचा म्हटल्यावर पहिली सूचना आली ती गँट्रीच्या शेंड्यांची उंची वाढवायची. १०.५ ऐवजी १५ मीटर करा, सावली लांब पडेल. ऐकायला पटतं. गोळ्याला विचारा. वायर गोळ्याच्या त्रिज्येपेक्षा उंच गेली की गोळा तिच्या शेंड्यावर टेकतच नाही. तो बाजूने वायरखाली सरकतो आणि वरची सगळी उंची वाया जाते. उंची कितीही वाढवली तरी बुशिंगच्या उंचीला झाकलेलं अंतर २.७ वरून फार तर २.९ मीटर झालं असतं. साडेचार मीटर लोखंडाच्या बदल्यात वीतभरही सावली नाही.

खरा उपाय गोळ्याला दुसऱ्या बाजूने टेकू देणं हा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, दुसऱ्या ओळीपासून १० मीटरवर, ११ मीटरचे दोन खांब २ मीटर पुरून उभे केले आणि त्यांच्या शेंड्यांवरून तिसरी शील्ड वायर ओढली, उंची ९ मीटर. आता गोळा १०.५ आणि ९ मीटरच्या दोन वायरांवर बसतो, त्याचा तळ ८.५ मीटरवर राहतो. झोळ काढला तरी ८ च्या वर. बुशिंग ४.५ वर. हिशोबाला वायरची ७ मीटर उंचीही पुरली असती, पण ट्रान्सफॉर्मर बदलायला क्रेन येते तेव्हा तिच्या बूमला वाट हवी, म्हणून ९ ठेवली. खांब ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अंगांना सरकवून १४ मीटर अंतरावर घेतले, म्हणजे टोकांचा प्रश्नही सुटला.

तार ७/३.१५ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड स्टीलची, आणि तिला ताण कमी दिला. हे खांब लाइनच्या खांबांसारखे मजबूत नसतात. तार कडक ओढली की पावसाळ्यात काळी माती फुगून मऊ झाल्यावर खांब आत झुकतात आणि तुमची मोजलेली उंची गेली. थोडा झोळ परवडतो, कारण तो आपण हिशोबात आधीच धरला आहे. नव्या वायरखाली चालू बस येत नाही हेही मी मुद्दाम बघितलं. शील्ड वायर तुटून बसवर पडली तर विजेपेक्षा मोठं नुकसान होतं.

सातवी पायरी: वीज पकडली, आता सोडायची कुठे

शील्ड वायरने वीज झेलली की तो करंट खांबावरून जमिनीत उतरतो, आणि उतरताना खांबाचं व्होल्टेज वर उचलतो. ३० किलोअँपिअरची वीज आणि अर्थिंग १० ओहम असेल तर नुसत्या गुणाकारानेच ३०० किलोव्होल्ट होतात. आपले इन्सुलेटर १७० चे. मग वीज खांबाकडून उलटी तारेवर उडी मारते, आणि शील्ड वायर असून नसल्यासारखी होते. लहान सबस्टेशनला अर्थिंग २ ओहमच्या आत ठेवायचा जो नियम आपण पाळतो, त्याने हाच आकडा ६० वर येतो. त्यात खाली उतरणाऱ्या पट्टीचा स्वतःचा वाटाही मिळवा. मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरा, ८ मीटरची पट्टी आणि मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर चढणारा करंट, म्हणजे आणखी ८० किलोव्होल्ट. बेरीज १४०. ढोबळ हिशोब आहे, पण १७० च्या किती जवळ जातो ते बघा.

म्हणून शील्ड वायर दोन्ही टोकांना खाली उतरवायची, म्हणजे करंट वाटला जातो. ५०×६ मिलिमीटरची जीआय पट्टी, सरळ, वळसे न घेता, अर्थ मॅटला जोडलेली, आणि उतरते तिथे ३ मीटरचा स्वतंत्र रॉड. शील्ड वायर लोखंडी खांबाला क्लॅम्पने टेकलेली आहे, म्हणजे ती अर्थ झालीच असं धरू नका. रंग आणि गंज यांच्यामधून मल्टिमीटर पास होतो, करंट होत नाही.

आपल्या काळ्या मातीची इथे एक खास अडचण आहे. ओली असताना ती अर्थिंगला फार चांगली, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती रॉड सोडून देते. एप्रिल-मेमध्ये अवकाळीच्या विजा कोसळतात तेव्हाच अर्थिंग सर्वांत वाईट असतं. ऑगस्टमध्ये घेतलेला १.२ ओहमचा आकडा रजिस्टरमध्ये लिहून खूश होण्यात काही अर्थ नाही. मोजायचं असेल तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोजा.

शील्ड वायरच्या हातात काय नाही

गोळा ही कल्पना आहे. वीज प्रत्यक्षात तिच्याप्रमाणेच वागेल असं कोणी लिहून देत नाही, आणि २ किलोअँपिअरखालच्या क्वचित विजेसाठी आपण जाणूनबुजून दार उघडं ठेवलं आहे. दुसरं म्हणजे गावाकडच्या बहुतेक ३३ केव्ही लाइनवर वरती अर्थ वायर नसते. दोन-चार किलोमीटरवर लाइनला वीज लागली की सर्ज तारेतूनच यार्डात येते, आणि तिला शील्ड वायर अडवू शकत नाही. ते काम लाइटनिंग अरेस्टरचं, म्हणजे एलएचं. या यार्डात एलए गँट्रीच्या खांबावर होते, तारेच्या मापाने बुशिंगपासून ८ मीटर दूर. तिसरी वायर ओढली त्याच शटडाऊनमध्ये ते ट्रान्सफॉर्मरजवळ, बुशिंगपासून २ मीटरच्या आत आणले आणि त्यांची अर्थ पट्टी थेट टाकीच्या अर्थला जोडली. एलए आणि बुशिंग यांच्यातली प्रत्येक मीटर तार बुशिंगवरचं व्होल्टेज वाढवते.

दरवर्षी बघायच्या जागा

मेअखेरच्या शटडाऊनमध्ये तीनच जागा नीट बघा, पण हात लावून बघा. पहिली, क्लॅम्पजवळची शील्ड वायर. तार नेहमी क्लॅम्पच्या तोंडाशी गंजते आणि तिथेच तिचे पदर एकेक करून सुटतात. खालून दुर्बिणीने बघितलं तर एखादा पदर केसासारखा वर उभा दिसतो. एक पदर जरी सुटला असेल तरी ती तार बदला. दुसरी, पट्टी जमिनीत शिरते ती जागा. वीतभर खोदून बघा, वरून जाड दिसणारी पट्टी जमिनीखाली बोटाने मोडते इतकी खाल्लेली मी पाहिली आहे. तिसरी, यार्डात वर्षभरात नवीन काय उभं राहिलं. एखादा पीटी, नवा बे, उंच केलेला जंपर, काहीही आलं असेल तर पुठ्ठ्याची चकती पुन्हा काढा. ती आम्ही ड्रॉइंगसोबत त्याच गुंडाळीत ठेवतो, आणि तिच्यावर स्केचपेनने लिहिलं आहे: ३३ केव्ही, १२.५ मीटर, १:१००.